चार्जिंगच्या वेळी जळका वास, धूर किंवा फुसफुस आवाज आला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन चार्जिंगला लावलेला असताना जळका वास आला, तर सर्वांत आधी काय करावे?

भिंतीवरील सॉकेटचा खटका बंद करावा. फोनमधून केबल उपटणे हे पहिले काम नव्हे, कारण बहुतेक वेळा तापलेला भाग नेमका तिथेच, केबलचे टोक फोनमध्ये जाते त्या जागी असतो आणि आपली बोटे थेट वितळलेल्या प्लास्टिकवर पडतात. खटका बंद झाल्यानंतर अडॅप्टर भिंतीतून काढावा आणि फोनला हात न लावता तीन गोष्टी पाहाव्यात: फोनमधून आवाज येतो आहे का, त्याची पाठ किंवा पडदा उचलला गेला आहे का आणि धूर कोठून निघतो आहे. यांपैकी आवाज ऐकू आला किंवा फोनच्या अंगातून धूर निघताना दिसला, तर पुढची पाहणी न करता खोलीतील सर्वांना घेऊन बाहेर पडावे.

सॉकेटच काळवंडलेले असेल, त्यातून ठिणग्या येत असतील किंवा खटक्यापर्यंत पोहोचण्यासाठी जळत्या फोनवरून हात न्यावा लागत असेल, तर त्या खटक्याचा नाद सोडावा आणि घराचा मेन स्विच किंवा त्या खोलीचा एमसीबी पाडावा.

वास केबलचा आहे की बॅटरीचा, हे कसे ओळखावे?

सगळे पुढचे निर्णय या एका प्रश्नावर अवलंबून असतात. केबल, प्लग किंवा अडॅप्टर जळत असेल तर त्याला लागणारी सगळी ऊर्जा भिंतीतून येत असते, त्यामुळे खटका बंद केला की तापणे थांबते आणि काही मिनिटांत वासही ओसरू लागतो. बॅटरीचे तसे नाही. तिच्यात ऊर्जा आधीच भरलेली असते आणि एकदा आतली रासायनिक क्रिया सुरू झाली की चार्जर काढल्याने ती थांबत नाही.

वासात फरक असतो. वितळणाऱ्या केबलचा वास उग्र, नाकात झोंबणारा, जळक्या प्लास्टिकचा असतो. काही प्लगच्या टणक प्लास्टिकला तापल्यावर मासळीसारखा वास येतो आणि घरातले लोक बराच वेळ तो स्वयंपाकघरात शोधत बसतात. बॅटरीतून गळणाऱ्या द्रवाचा वास मात्र गोडसर, नेलपॉलिश काढण्याच्या द्रवाच्या किंवा रंगातल्या थिनरच्या जवळ जाणारा असतो. असा वास फोनच्या आसपास आला, तर फोन अजून गरम नसला तरी बॅटरीचे पाकीट कोठेतरी फाटले आहे असे समजून चालावे. मात्र खात्री करण्यासाठी फोन नाकाजवळ नेऊन हुंगू नये. त्या वाफा विषारी असतात, आणि वर नेमक्या त्याच क्षणी बॅटरी पेटली तर चेहरा तिच्यावर वाकलेला असतो.

नाकावर फार भरवसा न ठेवता आणखी एक खूण पाहावी. खटका बंद केल्यावर चार-पाच मिनिटांत वास कमी होण्याऐवजी वाढत गेला किंवा फोनची उष्णता दुरूनही जाणवू लागली, तर दोष बॅटरीत आहे. निर्णय होत नसेल तर बॅटरीच धरावी. तो अंदाज चुकला तर फार तर काही वेळ दाराबाहेर उभे राहावे लागते. उलट बाजूने चुकला तर त्याची किंमत फार मोठी असते.

फुसफुस किंवा शिट्टीसारखा आवाज येतो तेव्हा आत नेमके काय चाललेले असते?

फोनची लिथियम-आयन बॅटरी म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या मऊ पाकिटात घट्ट गुंडाळलेल्या किंवा रचलेल्या पट्ट्या असतात. त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो आणि सगळ्यांमध्ये मुरलेला एक ज्वलनशील द्रव असतो. सुमारे ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या पुढे ग्रॅफाइटच्या पट्टीवरचा संरक्षक थर तुटू लागतो आणि त्या तुटण्यातून आणखी उष्णता निर्माण होते. साधारण १३० अंशांच्या आसपास मधला पडदा वितळू लागतो, पट्ट्या एकमेकींना आतून चिकटतात, शॉर्ट होते आणि तापमान झपाट्याने चढते. त्यानंतर दुसऱ्या पट्टीतले धातूचे ऑक्साइड स्वतःच प्राणवायू सोडू लागते. म्हणजे उष्णता, इंधन आणि प्राणवायू हे तिन्ही एकाच पाकिटात तयार होतात, आणि म्हणूनच नुसते झाकून टाकल्याने ही आग विझत नाही.

या सगळ्यात तयार झालेला वायू पाकिटाची शिवण फाडून बाहेर पडतो तेव्हा फुसफुस ऐकू येते. या आवाजानंतर दाट, बहुधा पांढरट धूर येतो आणि तो वायू पेट घेऊ शकतो. आवाज आणि ज्वाला यांच्यात किती वेळ मिळेल हे आधी सांगता येत नाही. कधी काही सेकंद मिळतात, कधी त्याहून जास्त, आणि कधी ज्वाला येतच नाही, नुसता धूर येऊन बॅटरी काळी पडते. आवाज ऐकूनही ‘आता काय होते ते पाहू’ म्हणून शेजारी थांबणारे लोक असतात. हा आवाज म्हणजे पाहण्याची वेळ संपल्याची खूण आहे. फोन सोडून तीन-चार मीटर दूर, दाराच्या दिशेने व्हावे, जाताना दार ओढून घ्यावे आणि अग्निशमन दलाला कळवावे.

फोन उचलून बाल्कनीत किंवा बाहेर नेऊन टाकावा का?

आवाज किंवा धूर सुरू झाला असेल तर नाही. हातात धरलेली बॅटरी फुटली तर तळहात आणि चेहरा दोन्ही भाजतात. शिवाय वेदनेने फोन हातातून सुटतो आणि तो बहुतेक वेळा पडद्यावर, गालिच्यावर किंवा दाराच्या तोंडाशी पडतो. म्हणजे आगीची जागा आपणच बदलून ती बाहेर पडण्याच्या वाटेवर आणून ठेवतो.

आवाज नाही, धूर नाही, पण फोन हातात धरवणार नाही इतका तापलेला आहे आणि तो गादीवर पडला आहे, असे असेल तर मात्र त्याला हलवण्यात अर्थ आहे. खटका बंद केल्यानंतर लांब दांड्याच्या झाडूने किंवा लाकडी पट्टीने तो सरकवत फरशीवर आणावा, शक्य असल्यास उशी, कागद आणि कापड यांपासून एक मीटरभर मोकळी जागा ठेवावी आणि मग त्याला तिथेच सोडावे. केबल अजून अडकलेली असेल तर तिच्या लांबच्या भागाला धरून फोन हळूच ओढता येतो, परंतु केबलच तापलेली असेल तर तोही मार्ग वापरू नये.

पाणी ओतावे का? विजेच्या वस्तूवर पाणी घालू नये, असे आपण ऐकत आलो आहोत.

ते ऐकलेले बरोबर आहे, पण ते भिंतीतल्या विजेला लागू आहे. अडॅप्टर सॉकेटमध्ये असेपर्यंत आणि खटका चालू असेपर्यंत पाण्याचा थेंबही घालू नये. भिंतीपासून सुटा झालेला, एकटा जळणारा फोन ही वेगळी गोष्ट आहे. त्याच्या बॅटरीचा दाब चार व्होल्टच्या आसपास असतो आणि त्यातून पाण्यावाटे धक्का बसण्याचा धोका नसतो. फोनच्या बॅटरीत धातूरूप लिथियमचे गोळे असतात आणि पाण्याने त्यांचा भडका उडतो, ही समजूतही चुकीची आहे. लिथियम तिथे मुख्यतः संयुगांच्या रूपात असते.

पाण्याचे खरे काम इथे ज्वाला विझवणे हे नसून बॅटरीला थंड करणे हे आहे. विमानात प्रवाशाचा फोन पेटला तर केबिन कर्मचाऱ्यांनाही हेच शिकवलेले असते: आधी ज्वाला दाबायची आणि मग पाण्याने किंवा अल्कोहोल नसलेल्या अन्य पेयाने यंत्र भिजवत राहायचे. एक पेला ओतून थांबण्यात फायदा नाही, कारण वरचा भाग थंड होतो आणि आतला गाभा पुन्हा तापतो. बादली किंवा मोठे भांडे हाताशी असेल, आग फोनपुरतीच असेल, दार आपल्या पाठीशी असेल आणि धूर अंगावर येत नसेल, तरच दुरून सतत पाणी ओतावे. यांतली एकही अट पुरी होत नसेल तर पाणी आणायला जाऊ नये, बाहेर जावे.

बर्फ ठेवू नये. तो फोनला झाकून उष्णता आत कोंडतो. पाणी वाहते असते आणि उष्णता घेऊन जाते.

घरात अग्निशामक सिलिंडर आहे. तो चालेल का?

पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ज्वाला खाली बसवतो आणि गादी किंवा पडदा पेटला असेल तर फार उपयोगी पडतो. पण तो बॅटरीला थंड करत नाही, म्हणून ज्वाला गेल्यावरही ती पुन्हा पेटू शकते. वापरायला शिकलेले असाल तर आसपासच्या वस्तूंसाठी वापरा आणि नंतर पाण्याने भिजवा. ओले पांघरूण टाकणे टाळावे. ते टाकण्यासाठी फोनवर वाकावे लागते, आणि खालचा वायू कोंडून एकदम बाहेर येतो.

थोडा धूर श्वासात गेला आहे. काय करावे?

मोकळ्या हवेत जावे आणि खोलीच्या खिडक्या उघडण्यासाठीही परत आत जाऊ नये. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि बॅटरीतल्या क्षाराचे विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइड नावाचा, डोळे व श्वासनलिका पोळणारा वायूही तयार होतो. त्याचा त्रास लगेच जाणवेलच असे नाही. खोकला, छातीत घट्टपणा किंवा धाप काही तासांनी सुरू होऊ शकते. यांपैकी काहीही झाले, किंवा धूर लागलेली व्यक्ती लहान मूल, दम्याची रुग्ण अथवा गर्भवती असेल, तर त्रासाची वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि ‘लिथियम बॅटरीचा धूर’ हे शब्द स्पष्ट सांगावेत, कारण उपचार त्यावरून बदलतात.

डोळ्यांत गेले असल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे डोळे धुवावेत. त्वचा भाजली असल्यास ती २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावी. त्यावर मलम, तेल किंवा टूथपेस्ट लावू नये. बॅटरीतला द्रव अंगाला लागला असेल तर डाग लहान दिसत असला तरी धुऊन झाल्यावर डॉक्टरांना दाखवावा.

केबलचे टोकच का जळते? चार्जर आपोआप बंद का होत नाही?

एक नमुना उदाहरण घेऊ. रात्री फोन चार्जिंगला लावला, अर्ध्या तासाने उग्र वास आला, खटका बंद केला आणि केबल थंड झाल्यावर बाहेर काढून पाहिली. टोकाच्या धातूच्या कडेला प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेले आहे, आतल्या सोनेरी पट्ट्यांपैकी एक-दोन काळ्या पडल्या आहेत आणि फोनच्या खाचेत विजेरीने पाहिल्यावर तळाशी कापसाचा दाबून बसलेला थर दिसतो. खिशातले तंतू साचून साचून असा थर तयार होतो. त्यामुळे प्लग पुरता आत बसत नाही आणि पट्ट्या जेमतेम टेकतात.

आता हिशेब पाहा. ९ व्होल्टच्या जलद चार्जरमधून ३ अँपिअर प्रवाह जात आहे असे धरू. जोड नीट बसलेला असताना त्याचा रोध ०.०२ ओहम असेल, तर तिथे उष्णता निर्माण होते प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ९ × ०.०२ = ०.१८ वॅट, जी जाणवतही नाही. तोच जोड सैल आणि मळका होऊन रोध ०.३ ओहम झाला की आकडा २.७ वॅट होतो. २.७ वॅट ऐकायला किरकोळ वाटते, पण ते नखाहून लहान जागेत, प्लास्टिकने वेढलेले आणि कदाचित उशीखाली दबलेले असते, त्यामुळे तापमान वाढतच जाते. तापल्याने पट्ट्या आणखी काळ्या पडतात, रोध आणखी वाढतो आणि चक्र पुढे जाते.

चार्जर बंद होत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नाही. त्याचे संरक्षण जास्त प्रवाहासाठी असते, आणि इथे प्रवाह ठरलेल्या ३ अँपिअरच्या आतच आहे. जोडात ०.९ व्होल्ट गळाले तरी फोनला आठपेक्षा जास्त व्होल्ट मिळत राहतात, त्यामुळे पडद्यावर चार्जिंगचे चिन्हही नेहमीसारखेच दिसते. काही फोन खाचेतले तापमान किंवा ओलावा ओळखून सूचना देतात. ती सूचना ‘दुर्लक्ष करा’ दाबून बंद करणे, हे माझ्या मते या विषयातले सर्वांत महागडे बटण आहे. खाच ओली असताना चार्जिंग लावले तर पट्ट्यांमधून हळूहळू गंज चढतो आणि वर सांगितलेला बिघाड काही आठवड्यांनी त्यातूनच उगवतो.

वास थांबला आणि फोन व्यवस्थित चालू आहे. दुसरी केबल लावून वापरता येईल का?

जळालेली केबल तर टाकावीच, पण दुसरी चांगली केबल लगेच त्याच खाचेत घालू नये. फोनमधली पट्टी काळी पडली असेल तर नव्या केबलचे टोकही तिथे तसेच जळते. अडॅप्टरही संशयितच असतो, कारण त्याच्या खाचेतही तोच तुटका जोड असू शकतो. त्याला जळका वास येत असेल किंवा तो हलवल्यावर आत काही खडखडत असेल, तर तो पुन्हा भिंतीत लावू नये. फोन बंद करून दुरुस्ती केंद्रात खाच तपासून घ्यावी. खाच बदलणे हे नेहमीचे काम आहे आणि बॅटरीला धक्का लागला नसेल तर फोन पुढे बिनधोक वापरता येतो. तोवर आत टाचणी किंवा सुई घालून साफ करण्याच्या भानगडीत पडू नये. त्याने पट्ट्या वाकतात आणि फोन चालू असला तर शॉर्टही होते.

धूर किंवा फुसफुस फोनच्या अंगातून आली असेल, तर तो फोन चालू होत असला तरी संपला असे समजावे.

चार्जिंग चालू नसतानाही बॅटरी पेटू शकते का?

होय. पडल्यामुळे वाकलेली, खुर्चीत दबलेली किंवा कारखान्यातच सदोष निघालेली बॅटरी कशालाही जोडलेली नसताना पेट घेऊ शकते. सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनचे उत्पादन ऑक्टोबर २०१६ मध्ये कायमचे थांबवण्यात आले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलेल्या तपासात दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या बॅटऱ्यांमध्ये दोन वेगवेगळे दोष आढळले: एकीत कोपऱ्यातली पट्टी वाकलेली होती, तर दुसरीत वेल्डिंगचे अणकुचीदार कण राहिले होते. दोन्हींचा परिणाम मात्र एकच, आतल्या आत शॉर्ट.

बॅटरी फुगली आहे, पण वास किंवा आवाज नाही. थांबले तर चालेल का?

फुगणे म्हणजे आत वायू साठला आहे. फोन बंद करावा, चार्जिंगला अजिबात लावू नये, उचललेला पडदा दाबून परत बसवू नये आणि वायू काढण्यासाठी पाकिटाला कधीही भोक पाडू नये. फरशीवर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून शक्य तितक्या लवकर दुरुस्ती केंद्रात दाखवावा. त्यातले फोटो आणि संपर्क घेण्यासाठी ‘फक्त दहा मिनिटे’ चार्ज करण्याचा मोह होतो. तो आवरावा. चांगले केंद्र खराब बॅटरी काढून दुसऱ्या बॅटरीवर फोन चालू करून माहिती काढून देऊ शकते.

आग विझल्यानंतर फोन कुठे ठेवावा आणि कुठे द्यावा?

आग विझल्यावरही काही तासांनी बॅटरी पुन्हा पेटल्याची उदाहरणे आहेत, म्हणून तो पूर्ण थंड होईपर्यंत कोणी हात लावू नये. अग्निशमन दल आले असेल तर त्यांच्याच हाती सोपवावा. अन्यथा, थंड झाल्यावर चिमट्याने किंवा फावड्याने उचलून कोरड्या वाळूच्या धातूच्या बादलीत ठेवावा आणि बादली उघड्यावर, भिंत, वाहन व सुक्या पानांपासून दूर ठेवावी. बादलीला घट्ट झाकण लावू नये, कारण वायूला बाहेर पडायला वाट हवी. फ्रीज किंवा फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. तिथे दमटपणा असतो आणि बंद पेटीत वायू साठतो.

कचऱ्याच्या डब्यात तो टाकू नये, कारण कचरागाडीत दाबला गेल्यावर तो तिथे पेटतो. ई-कचरा संकलन केंद्राला आधी फोन करून ‘खराब झालेली लिथियम बॅटरी’ आहे असे सांगावे, कारण साध्या ई-कचऱ्याच्या पेटीत अशी बॅटरी टाकण्याची मुभा नसते. हमीच्या दाव्यासाठी कंपनीकडे पाठवायचा असला तरी टपालाने किंवा कुरिअरने परस्पर पाठवू नये. खराब झालेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने नेण्यास मनाई आहे आणि पार्सल वाटेत कशातून जाईल हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसते. आधी कंपनीला कळवून त्यांच्याकडून रीतसर नेण्याची व्यवस्था मागावी, आणि दाव्यासाठी फोन, केबल व अडॅप्टर या तिन्हींची छायाचित्रे त्यांना हलवण्यापूर्वीच काढून ठेवावीत.